२०४० च्या जुलैत पैसे हातात पाहिजेत

गेल्या वर्षी जूनमध्ये चिऊची नर्सरीची फी भरली. ऐरोलीतली साधी शाळा, एसी वगैरे काही नाही, तरी पावती बघून नवरा स्टेशनपर्यंत गप्प चालत होता. घरी आल्यावर म्हणाला, "अगं ही नर्सरी आहे, पुढे काय?" आणि आठ दिवसांत त्याने त्याच्या परीने उत्तर शोधलं पण, मला न विचारता, त्याच्या मावसभावाकडून मुलांच्या शिक्षणाचा एक विम्याचा प्लॅन घेऊन टाकला. १ लाखाचा चेक दिला. मला कळलं ते पॉलिसीचं जाडजूड पाकीट कुरियरने आलं तेव्हा.

भांडण झालं, ते सोडून देते. भावोजी रविवारी घरी आले समजवायला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "वहिनी, १० वर्षं १ लाख भरायचे, म्हणजे १० लाख. पंधरा वर्षं पूर्ण झाली की चार वर्षं दर वर्षी ५ लाख मिळणार, म्हणजे २० लाख. दुप्पट, आणि गॅरंटीड. बाजाराची कटकट नाही." ऐकायला खरंच छान वाटतं. मी महापेला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, दिवसभर आकडेच बघते, तरी त्या क्षणी मलाही पटकन उत्तर सुचलं नाही, कारण दुप्पट म्हणजे दुप्पटच की. गोम अशी की पैसे वेगवेगळ्या वर्षी जातात आणि वेगवेगळ्या वर्षी येतात, त्यामुळे नुसती बेरीज करून काही कळत नाही.

रात्री चिऊ झोपल्यावर लॅपटॉप उघडला. एका कॉलमात एकाखाली एक १९ ओळी. पहिल्या दहा ओळींत उणे १ लाख, मग पाच ओळी शून्य, मग चार ओळींत ५ लाख. खाली एवढंच टाइप केलं:

```
=IRR(B2:B20)
```

उत्तर आलं वर्षाला ५.८५ टक्के परतावा. म्हणजे जवळपास बँकेच्या एफडीइतकं, ते पण १८ वर्षं पैसे अडकवून. यात फसवणूक काही नाही, भावोजी खोटं बोलले नव्हते, दुप्पट होणार हे खरंच होतं, फक्त किती वर्षांत ते त्या वाक्यात नव्हतं. कुणाच्या घरी असा प्लॅन आला असेल तर हे एवढं नक्की करा, शून्याच्या ओळी मात्र गाळू नका, मी पहिल्यांदा गाळल्या होत्या आणि उत्तर भलतंच भारी आलं होतं.

एक मुद्दा मात्र भावोजींचा बरोबर होता. बापाला काही झालं तर पुढचे हप्ते माफ आणि मुलीला पैसे मिळत राहतात. ही गोष्ट एसआयपीत नाही, एफडीत नाही. पण तेवढ्यासाठी टर्म इन्शुरन्स असतो, आणि आमच्याकडे तोपर्यंत नवऱ्याच्या ऑफिसचा ग्रुप विमा सोडला तर काहीच नव्हतं. नोकरी सुटली की तो पण सुटतो.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, फ्री लुक म्हणतात त्याला. आम्ही एकोणिसाव्या दिवशी लेखी अर्ज दिला, सोबत पॉलिसीचे कागद आणि कॅन्सल चेक, आणि पोच घेतली शिक्का मारून. स्टॅम्प ड्युटी आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा खर्च कापून बाकीचे पैसे खात्यात परत आले. मग टर्म विमा भावोजींकडूनच घेतला, नवऱ्याचा १ कोटीचा आणि माझा ५० लाखांचा. त्यांचं कमिशन कमी झालं, पण येणं-जाणं राहिलं.

आता प्लॅन तर रद्द केला, मग करायचं काय? इथे मला वाटलं होतं की चांगला फंड शोधणं हेच मुख्य काम आहे. झालं उलटंच. फंड निवडायला एक संध्याकाळ लागली, आणि कुठल्या वर्षी किती पैसे कुठून येणार हे मांडायला महिना गेला.

चिऊचा जन्म जून २०२२ चा. नर्सरी २०२५, पहिली २०२८, दहावीची परीक्षा मार्च २०३८, बारावीची २०४०, आणि जून २०४० ला तिला १८ पूर्ण. म्हणजे पहिली मोठी फी साधारण जुलै २०४० मध्ये. आणि ती एक फी नाही, चार फिया, २०४०, ४१, ४२, ४३. आपण सगळे "शिक्षणासाठी ५० लाख" असं एका रकमेत बोलतो, पण कॉलेज कधी ५० लाख एकदम मागत नाही.

आजचा खर्च किती धरायचा? ओळखीतल्या तीन घरी विचारलं, सगळ्यांची मुलं खाजगी इंजिनिअरिंगला, दोन पुण्यात. फी, हॉस्टेल, मेस, येण्याजाण्याचं भाडं आणि लॅपटॉपचा वाटा धरून वर्षाचे ४ लाख हा आकडा तिघांनाही पटला. चिऊ इंजिनिअर होणार असं काही नाही हो, ती सध्या बस कंडक्टर व्हायचं म्हणते, पण कशावर तरी हिशोब बसवायला लागतो. खाजगी मेडिकल मी मुद्दाम धरलं नाही, ते धरलं तर शीट तिथेच बंद करावी लागली असती.

मग महागाई. सगळे म्हणतात शिक्षण दर वर्षी १० टक्क्यांनी महागतं. मला ते इतकं गुळगुळीत वाटत नाही. आयआयटीची ट्यूशन फी बघा, २०१३ ला वर्षाला ९०,००० झाली, २०१६ ला एकदम २ लाख, आणि मग कित्येक वर्षं तिथेच. म्हणजे फी जिन्यासारखी चढते, आणि आपल्या पोरीच्या वर्षी पायरी येणार की नाही ते आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एकच दर न धरता तीन धरले. ६ टक्क्यांनी चार वर्षांची बेरीज आली ४१.९ लाख. ८ टक्क्यांनी ५७.२ लाख. १० टक्क्यांनी ७७.५ लाख. नवऱ्याने तिसरा आकडा बघितला आणि चहा करायला गेला.

आम्ही मधला धरला. ८ टक्क्यांनी आजचे ४ लाख २०४० मध्ये १२.७ लाख होतात, पुढच्या वर्षी १३.७, मग १४.८, आणि शेवटच्या वर्षी १६. हे चार आकडे मी शीटमध्ये पिवळे केले, आणि पुढचा सगळा विचार त्या चार पिवळ्या चौकटी भरण्याचा.

ठाण्याला सासऱ्यांकडे विषय निघाला तर बाबा म्हणाले, "पीपीएफ काढा, १५ वर्षांचं असतं, तुम्हाला पण १५ वर्षंच पाहिजेत." अगदी बरोबर वाटतं ना? पण पीपीएफची १५ वर्षं खातं उघडल्या दिवसापासून मोजत नाहीत. ज्या आर्थिक वर्षात खातं उघडलं ते वर्ष संपल्यावर पुढची १५ वर्षं. आम्ही २०२५-२६ मध्ये उघडलं असतं तर ते पिकलं असतं १ एप्रिल २०४१ ला. पहिली फी जुलै २०४० ला. नऊ महिने उशीर. तेच खातं ३१ मार्च २०२५ च्या आधी उघडलं असतं तर १ एप्रिल २०४० ला पैसे हातात, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या आळसाने अख्खं वर्ष पुढे गेलं. मधे काही वर्षांनंतर थोडे पैसे काढता येतात, अगदीच बंद तिजोरी नाही ती, पण पूर्ण रक्कम नाही. बाबांनी चष्मा काढून पासबुकावरची तारीख दोनदा वाचली, त्यांचं स्वतःचं खातं पण असंच वर्षभर उशिरा पिकलं होतं, त्यांना तेव्हा वाटलं होतं की पोस्टवाले चुकले.

मुलगी आहे म्हणून सुकन्या समृद्धीचा पर्याय होता. आम्ही उघडलं तेव्हा व्याज ८.२ टक्के होतं, पीपीएफला ७.१, शिवाय व्याजावर टॅक्स नाही. खातं उघडायला पोस्टात गेलो, जन्माचा दाखला, दोघांचं आधार, पॅन, फोटो. दाखल्यावर चिऊचं नाव नव्हतंच, नुसतं "मुलगी" लिहिलेलं, कारण बारशाआधी दाखला काढला आणि नाव घालायचं राहून गेलं, त्यात एक चक्कर गेली. हे घरात तपासून ठेवा, नंतर पासपोर्टला पण अडतं.

सुकन्यात पण तारखेची गंमत आहेच. पैसे भरायचे १५ वर्षं, पण खातं पिकतं २१ वर्षांनी. लोक २१ म्हटलं की मुलगी २१ ची झाल्यावर असं समजतात. तसं नाही, खातं उघडल्यापासून २१. चिऊ ३ वर्षांची असताना उघडलं, म्हणजे २०४६, तेव्हा ती २४ ची. कॉलेज संपून दोन वर्षं झालेली असणार. मग शिक्षणाला उपयोग कसा? तर मुलगी १८ ची झाली किंवा दहावी पास झाली, जे आधी होईल त्यानंतर, शिक्षणासाठी मागच्या आर्थिक वर्षाच्या शेवटी जी शिल्लक असेल तिच्या अर्ध्यापर्यंत काढता येते. वर्षातून एकदाच, जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि ॲडमिशनचं पत्र किंवा फीची स्लिप दाखवावी लागते, त्यावर जेवढी फी असेल तेवढेच.

म्हणून सुकन्यात जेवढे पैसे जमतील त्यातले अर्धेच मी पिवळ्या चौकटीत धरले. दर वर्षी ६०,००० टाकायचे ठरवलं. व्याज ८.२ कायम राहील असं धरलं नाही, योजना आली तेव्हा ९.१ होतं, २०२० च्या एप्रिलमध्ये ७.६ वर आलं होतं, सरकार दर तिमाहीला ठरवतं. ७.५ ने हिशोब केला तर मार्च २०४० ला साधारण पावणेसतरा लाख, त्याचे अर्धे ८.४ लाख. पहिल्या वर्षाच्या १२.७ पैकी ८.४ इथून. उरलेले अर्धे २०४६ पर्यंत तसेच वाढतील, मास्टर्सला वगैरे कामाला येतील.

उरले ४८.८ लाख. ते इक्विटीतून, म्हणजे निफ्टी ५० च्या साध्या इंडेक्स फंडातून. दर महिना १०,००० ची एसआयपी, १५ वर्षं, १० टक्के परतावा धरला तर हे सूत्र:

```
=FV(10%/12,180,-10000,0,1)
```

४१.८ लाख येतात. कमी पडले. १२ टक्के टाकले की ५० लाखांच्या वर जातात आणि सगळं कसं छान जुळतं, आणि तिथेच मोह होतो बघा, परताव्याचा आकडा दोनाने वाढवायचा आणि लॅपटॉप बंद करायचा. नवरा तेच म्हणत होता. मी १० सोडले नाहीत, आणि त्याऐवजी हप्ता वाढता ठेवला, ९,००० ने सुरुवात आणि दर वर्षी ५ टक्के वाढ. त्याने ४९.५ लाख येतात. पगार काही १५ वर्षं तिथेच राहणार नाही, होम लोनचा ईएमआय मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे हे झेपण्यासारखं वाटलं. सुरुवातीला महिन्याला हे ९,००० आणि सुकन्याचे ५,०००, मिळून १४,०००. याहून जास्त खरंच शक्य नव्हतं.

फंड डायरेक्ट प्लॅनमध्ये घेतला, म्हणजे मधे एजंटचं कमिशन नाही. कारण शीटमध्ये १० च्या जागी ९ टाकून बघितलं तर ४९.५ चे ४५.५ झाले. एका टक्क्याचे ४ लाख, म्हणजे आजच्या भावाने एक अख्खं वर्ष. ज्याला स्वतः बघायला वेळ नाही त्याने सल्लागार घ्यावा, त्यात वाईट काही नाही, फक्त त्या एका टक्क्याची किंमत किती हे माहीत असावं.

आता नावाचा प्रश्न. मला फार वाटत होतं की एसआयपी चिऊच्या नावावर करावी. तिच्या नावाचं स्टेटमेंट, किती गोड. ऑफिसातल्या आमच्या सिनियर मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी डबा बंद केला आणि म्हणाल्या, "अजिबात करू नकोस, आधी माझं ऐक."

त्यांनी मुलाच्या नावावर दहा वर्षं पैसे टाकले होते. मुलगा बारावी झाला, सीईटीच्या ॲडमिशनच्या राउंडमध्ये कॉलेज लागलं, सीट पक्की करायला मोजून चार दिवस. आणि त्याच महिन्यात पोरगा १८ चा झालेला. १८ पूर्ण झाले की अज्ञान मुलाच्या नावावरचा फोलिओ, म्हणजे फंडातलं खातं, थांबतो, पालकाची सही चालत नाही, मुलाची सही अजून नोंदलेली नाही. आधी मुलाचं स्वतःचं पॅन, मग केवायसी, मग अज्ञानचा सज्ञान करायचा फॉर्म, त्यावर मुलाची सही बँकेकडून साक्षांकित. बँकेत गेले तर बँक म्हणते हे खातंच अजून मायनरचं आहे, आधी ते बदला. पैसे स्क्रीनवर दिसतायत, हिरव्या रंगात, आणि काढता येत नाहीत. मॅडमनी एफडी मोडून फी भरली. फोलिओ मोकळा व्हायला तीन आठवडे गेले.

चिऊचा वाढदिवस जूनचा. म्हणजे आमचं हुबेहूब तसंच झालं असतं.

टॅक्सचा फायदा होतो असंही नाही, मूल अज्ञान असेपर्यंत त्याचं असलं उत्पन्न आईबापातल्या ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यातच मिळवतात. शिवाय १८ झाल्यावर पैसे कायद्याने तिचे, तिने बाईक घ्यायची ठरवली तर आपण फक्त समजूत घालायची. म्हणून एसआयपी आमच्या दोघांच्या नावावर, ४,५०० माझी, ४,५०० त्याची, नॉमिनी एकमेकांना. दोन नावं यासाठी की सध्याच्या नियमाने इक्विटी फंडाच्या नफ्यावर वर्षाला १.२५ लाखांपर्यंत टॅक्स नाही, वरच्यावर १२.५ टक्के, आणि ही सूट माणशी आहे. २०४० पर्यंत नियम हाच राहील अशी काही माझी समजूत नाही, पण दोन नावांनी नुकसान काहीच नाही.

मग शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग, पैसे बाहेर कधी काढायचे. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,३०० च्या वर होता, आणि २३ मार्चला ७,६१० ला बंद झाला. दोन-सव्वादोन महिन्यांत साधारण ३८ टक्के खाली. नवरा म्हणाला, "पण वर्षभरात परत वर गेला ना?" गेला. नोव्हेंबरमध्येच गेला. पण बारावीनंतरची फी जुलैत असते, नोव्हेंबरमध्ये नाही. ज्या घरात त्या वर्षी ४९.५ लाख इंडेक्स फंडात होते, त्यांचे मार्चमध्ये ३०.७ लाख दिसत असणार, आणि त्यातूनच फी भरायला काढले तर तो तोटा कागदावरचा राहत नाही.

यावर दोन मार्ग आम्ही बोललो. एक म्हणजे २०३७ ला सगळेच पैसे काढून सुरक्षित जागी ठेवायचे. पण मग २०४३ ची फी सहा वर्षं उगाच कमी व्याजात बसणार. दुसरा मला पटला, प्रत्येक फी तिच्या तारखेच्या तीन वर्षं आधी इक्विटीतून काढायची. २०४० च्या फीपैकी सुकन्याबाहेरचे ४.३ लाख एप्रिल २०३७ ला काढून एफडी किंवा शॉर्ट टर्मच्या डेट फंडात. २०४१ चे १३.७ एप्रिल २०३८ ला. २०४२ चे १४.८ एप्रिल २०३९ ला, आणि २०४३ चे १६ एप्रिल २०४० ला. असं तुकड्याने काढल्यावर टॅक्सची ती सूट पण वेगवेगळ्या वर्षांत वापरली जाते, एकदम काढलं असतं तर एका वर्षाचीच मिळाली असती.

तीनच वर्षं का? याला काही शास्त्र नाही. एखाद्या एप्रिलमध्ये बाजार पडलेला असेल तर त्या वर्षी थांबता यावं, पुढच्या एप्रिलला काढता यावं, एवढी ऐसपैस जागा हवी म्हणून तीन. पण थांबण्याची मर्यादा पण आधीच लिहून ठेवली, फी वर्षावर आली की बाजार कसाही असो पैसे बाहेर. तेव्हा मी असं ठरवणार नाही हे मला माहीत आहे, "थोडं वर जाऊ दे" असंच म्हणणार, म्हणून आत्ता लिहिलं.

अजून एक भोक शीट परत वाचताना सापडलं. सुकन्याचे ८.४ लाख काढायला ॲडमिशनचं पत्र किंवा फीची स्लिप लागते. पण मॅडमसारखं चार दिवसांत सीट पक्की करायची असेल तर पोस्टातून पैसे येईपर्यंत कोण थांबणार? म्हणून एप्रिल २०३७ ला ४.३ च्या ऐवजी ७ लाख काढायचे असं बदललं. पहिल्या हप्त्याची सोय त्यातून, आणि सुकन्याचे पैसे त्याच वर्षी मागून, उरलेल्या फीच्या स्लिपवर. मधल्या वर्षांत व्याज मिळेलच, त्यामुळे बेरीज फार हलत नाही.

आणि ७७.५ लाखांचं काय, १० टक्के महागाई झाली तर? काही नाही, तेवढे आमच्याकडे नसणार. २० लाखांची तूट पडेल. ती एज्युकेशन लोनने भरायची, चिऊच्या नावावर, आम्ही सहकर्जदार. नवऱ्याला हे आधी लागलं, "पोरीवर कर्ज?" असं. पण दुसरा पर्याय म्हणजे आमच्या पीएफला हात लावणे, आणि २०४३ ला तो ५४ चा असणार. तिला नोकरीची अख्खी वर्षं पुढे असतील, आम्हाला रिटायरमेंटला कोण कर्ज देणार. या एका ओळीवर दोन रविवार गेले, पण आता शीटमध्ये ती ओळ आहे.

या जूनमध्ये पहिली वाढ करायची वेळ आली. ९,००० चे ५ टक्के म्हणजे ४५०. ॲपवर गेले तर चालू एसआयपीची रक्कम वाढवायची सोयच नाही, टॉप-अपचा पर्याय सुरुवातीला रजिस्टर करतानाच निवडायचा होता, तो आम्ही बघितलाच नव्हता. आणि आमच्या फंडात नवीन एसआयपी ५०० च्या खाली घेत नाहीत. मग माझ्या नावावर ५०० ची वेगळी एसआयपी टाकली, पुढच्या वर्षी त्याच्या नावावर टाकायची. सुकन्याचे ६०,००० या वेळी ४ एप्रिलला भरले, महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरले तरच त्या महिन्याचं व्याज धरतात.

शीटची प्रिंट काढून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, टर्मच्या पॉलिसीचे नंबर आणि सुकन्याचं पासबुक कुठल्या फाइलमध्ये आहे ते खाली पेनने लिहून. फोनवर एप्रिल २०३७ चा रिमाइंडर लावायचा प्रयत्न केला, लागला, पण हा फोन काही तोपर्यंत टिकत नाही, म्हणून प्रिंटवरच त्या ओळीला लाल गोल केला आहे. चिऊने परवा त्याच्या शेजारी जांभळ्या खडूने बस काढली.